वाफेचा हिशेब : स्थिर खर्च क्षमतेवर, बदलता खर्च वापरावर

मंडळी, आजचा विषय कॉस्टिंगचा आहे. नाव जरा जड वाटेल: सेवा विभागांच्या खर्चाची दुहेरी दराने वाटणी. पण विषय आपल्याला नवा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या विहिरींवर तो पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

सामाईक विहीर घ्या. एका चुलत भावाचा आठ आणे हिस्सा, दुसऱ्या दोघांचे चार-चार आणे. विहिरीतला गाळ काढायचा आहे, कडं बांधायचं आहे, मोटार जळाली म्हणून नवी घ्यायची आहे. हा खर्च कसा वाटतात? हिश्श्याप्रमाणे. आठ आणेवाला निम्मा देतो, बाकीचे पाव-पाव. आता पाणी उपसायला डिझेल इंजिन लावलं, तर त्या डिझेलचा खर्च? तो ज्याने जितके तास इंजिन चालवलं त्याने तितका द्यायचा. तिथे हिस्सा कोणी काढत नाही.

एखाद्या वर्षी चार आणेवाल्याने काहीच पेरलं नाही. पाण्याची पाळीही घेतली नाही. तर तो म्हणू शकतो का, की मी यंदा पाणी घेतलं नाही, मोटारीच्या खर्चात मी नाही? गावात हे कोणी ऐकून घेणार नाही. त्याला सांगतील, "बाबा, विहीर तुझ्याही हिश्श्याची आहे, पुढल्या वर्षी पाणी लागणारच आहे ना?" आणि उलट बाजूने बघा. त्याने पाणी घेतलं नाही म्हणून उरलेल्या दोघांनी त्याचा वाटा भरावा, असंही कोणी म्हणत नाही.

दुहेरी दर म्हणजे हेच. सोय उभी ठेवण्याचा खर्च ज्याने जितकी सोय मागून ठेवली त्यावर, आणि सोय वापरण्याचा खर्च ज्याने जितकी वापरली त्यावर. आता हे तत्त्व विहिरीवरून साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये नेऊ. तिथे आकडे कोटींचे होतात, आणि वाटणी चुकली तर निर्णयही चुकतात.

बॉयलर हाऊस हा सेवा विभाग

सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी लोणीजवळ उभ्या राहिलेल्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० साली सुरू झाला. सुरुवातीच्या काळात कारखाना म्हणजे साखर, एवढंच समीकरण होतं. वाफ बनायची ती साखरेसाठी, खर्च सगळा साखरेच्या खात्यावर. वाटणीचा प्रश्नच नव्हता.

नंतर मळीपासून स्पिरिट काढणारी डिस्टिलरी आली, मग इथेनॉल आलं, वीजनिर्मिती आली. आता एकच बॉयलर हाऊस दोन-तीन विभागांना वाफ पुरवतं. ते स्वतः काही विकत नाही, कारखान्यातल्या दुसऱ्या विभागांची सेवा करतं. अशा विभागाला सेवा विभाग म्हणतात. पाणीपुरवठा, वर्कशॉप, इलेक्ट्रिकल विभाग हेही त्यातच येतात. यांचा खर्च शेवटी साखर आणि डिस्टिलरी या उत्पादक विभागांवर टाकावा लागतो, कारण साखरेचा आणि स्पिरिटचा उत्पादनखर्च त्याशिवाय काढताच येत नाही.

आपण आज फक्त वाफ घेऊ आणि दोनच ग्राहक घेऊ, साखर आणि डिस्टिलरी. पुढचे आकडे कुठल्याही एका कारखान्याचे नाहीत. समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे घेतले आहेत, पण प्रमाण साधारण पाच हजार टन रोजच्या गाळपाच्या कारखान्याला शोभेल असं आहे.

बॉयलर हाऊसचे दोन प्रकारचे खर्च बघा. पहिला प्रकार: बॉयलरचा घसारा, कायम कामगारांचे पगार, विमा, हंगाम संपल्यावरचं ओव्हरहॉलिंग, बॉयलर निरीक्षकाच्या तपासणीचा खर्च. ऊस किती आला, वाफ किती बनली, याच्याशी या खर्चाचा संबंध नाही. हा झाला स्थिर खर्च. आपल्या उदाहरणात तो वर्षाला ८ कोटी रुपये धरू.

दुसरा प्रकार: बगॅस, बॉयलरच्या पाण्यावरची प्रक्रिया आणि रसायनं, राख उचलण्याचा खर्च. वाफ जास्त बनली तर हा वाढतो, कमी बनली तर घटतो. एक टन बगॅसपासून साधारण दोन टन वाफ मिळते असं धरू. बगॅसची किंमत टनाला १,८०० रुपये धरली, तर एक टन वाफेमागे ९०० रुपयांचं बगॅस जळतं. बाकीचे १०० धरा. म्हणजे बदलता खर्च टनाला १,००० रुपये.

इथे कोणी म्हणेल, बगॅस तर आपल्याच उसाचं, त्याचे पैसे कसले? पण ते जाळलं नसतं तर कागद कारखान्याला किंवा दुसऱ्या बॉयलरवाल्याला विकता आलं असतं. जे विकता येतं ते जाळलं, तर तो खर्चच आहे.

आता वापर. नेहमीच्या वर्षात साखर विभागाला ३,२०,००० टन वाफ लागते आणि डिस्टिलरीला ८०,००० टन. एकूण ४,००,००० टन.

एकच दर लावला तर काय होतं

पुष्कळ ठिकाणी सोपा हिशेब करतात. वर्षाचा सगळा खर्च घ्यायचा, एकूण वाफेने भागायचा, जो दर येईल तो सगळ्यांना लावायचा. नेहमीच्या वर्षात स्थिर खर्च ८ कोटी आणि बदलता ४० कोटी, मिळून ४८ कोटी. भागिले चार लाख टन. दर आला १,२०० रुपये. डिस्टिलरीवर पडले ९ कोटी ६० लाख, साखरेवर ३८ कोटी ४० लाख. दिसायला काही चूक नाही.

आता दुष्काळ येऊ द्या. आपल्या जिल्ह्याला तो काही परका नाही. २०१६-१७ च्या हंगामात राज्यातलं साखर उत्पादन आदल्या हंगामाच्या जवळपास निम्म्यावर आलं होतं, ८४ लाख टनांवरून ४२ लाख टनांच्या आसपास. कारण आधीच्या दोन वर्षांच्या दुष्काळात उसाची लागवडच झाली नव्हती. धरा की आपल्या उदाहरणातल्या कारखान्याला आठ लाख टनांऐवजी तीनच लाख टन ऊस मिळाला. साखर विभागाची वाफ ३,२०,००० वरून १,२०,००० टनांवर आली. डिस्टिलरीने मात्र बाहेरून मळी आणून आपलं काम पूर्ण केलं, तिची वाफ ८०,००० टनच राहिली.

एकूण वाफ आता दोन लाख टन. बदलता खर्च २० कोटी. स्थिर खर्च मात्र ८ कोटीच, कारण बॉयलर तिथेच आहेत आणि कामगारही तिथेच आहेत. एकूण २८ कोटी, भागिले दोन लाख. दर झाला १,४०० रुपये.

डिस्टिलरीचं बिल बघा. ८०,००० गुणिले १,४०० म्हणजे ११ कोटी २० लाख. गेल्या वर्षी ९ कोटी ६० लाख होतं. डिस्टिलरीने वाफेचा एक टनही जास्त वापरला नाही, तिचं यंत्र बिघडलं नाही, तिच्या माणसांनी काही वाया घालवलं नाही. तरी तिच्या डोक्यावर १ कोटी ६० लाख जादा बसले. कशामुळे? ऊस कमी आला म्हणून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा, आणि तोही शेजारच्या विभागाचा.

पुढे काय होतं ते जास्त महत्त्वाचं आहे. डिस्टिलरीचे मॅनेजर हुशार आहेत. ते चौकशी करतात आणि संचालक मंडळापुढे प्रस्ताव ठेवतात: एक ठेकेदार आवारात छोटा बॉयलर लावून १,२५० रुपये टनाने वाफ द्यायला तयार आहे. कारखान्याची वाफ १,४०० ला पडते. टनामागे १५० रुपये वाचतील, वर्षाला १ कोटी २० लाख. कागदावर प्रस्ताव बिनतोड आहे.

पण संपूर्ण कारखान्याच्या बाजूने हिशेब मांडा. ठेकेदाराला १० कोटी द्यावे लागतील. बॉयलर हाऊसने ८०,००० टन वाफ कमी बनवली की वाचतात फक्त बदलते १,००० रुपये टनाला, म्हणजे ८ कोटी. स्थिर ८ कोटींतला एक रुपयाही कमी होत नाही. आठ वाचले, दहा गेले. दोन कोटींचा तोटा, आणि अहवालात त्याची नोंद मात्र बचत म्हणून होणार.

शिवाय आता साखर विभाग एकटाच उरला. त्याचा दर झाला २० कोटी भागिले १,२०,००० टन, म्हणजे जवळपास १,६६७ रुपये. मग साखरेचा उत्पादनखर्च वाढला, मग सभासद विचारणार की साखर इतकी महाग का पडते. एक ग्राहक निघाला की उरलेल्याचा दर वाढतो, दर वाढला की उरलेलाही पळवाट शोधतो. हे चक्र एका भागाकारातून सुरू होतं.

दोन दर लावून बघू

आता विहिरीचा न्याय लावू. स्थिर ८ कोटी कशावर वाटायचे? हिश्श्यावर. पण वाफेतला हिस्सा म्हणजे काय? इथे जरा थांबावं लागेल, कारण बरेच जण वर्षभराच्या वापरालाच हिस्सा समजतात.

बॉयलर किती मोठा घ्यायचा हे वर्षाच्या टनांवर ठरत नाही. ते ठरतं सर्वांत गर्दीच्या तासाला किती वाफ लागेल यावर. ऐन हंगामात गाळप पूर्ण क्षमतेने चालू असताना साखर विभागाला तासाला ८८ टन वाफ लागते आणि त्याच वेळी डिस्टिलरीला १२ टन. म्हणून बॉयलर हाऊस तासाला १०० टनांचं उभारलं गेलं. साखर विभाग हंगामातले १६० दिवस चालतो, डिस्टिलरी ३०० दिवस चालते. त्यामुळे वर्षाच्या वापरात डिस्टिलरीचा वाटा २० टक्के दिसतो, पण क्षमतेत तो १२ टक्केच आहे. एवढे मोठे बॉयलर घ्यावे लागले ते साखरेच्या हंगामी गर्दीमुळे. तेव्हा स्थिर खर्चाचं प्रमाण ८८ ला १२.

तर स्थिर खर्चाची वाटणी: साखर ७ कोटी ४ लाख, डिस्टिलरी ९६ लाख. ही रक्कम वर्षाच्या सुरुवातीला ठरते, आणि दर महिन्याला तिचा बारावा भाग खात्याला पडतो, वाफ घेतली तरी आणि न घेतली तरी. त्यावर बदलता खर्च, मीटरप्रमाणे, टनाला १,००० रुपये.

नेहमीच्या वर्षात डिस्टिलरी देईल ९६ लाख अधिक ८ कोटी, म्हणजे ८ कोटी ९६ लाख. साखर देईल ७ कोटी ४ लाख अधिक ३२ कोटी, म्हणजे ३९ कोटी ४ लाख. बेरीज ४८ कोटी, जुळली.

दुष्काळाच्या वर्षात डिस्टिलरी देईल परत ८ कोटी ९६ लाखच. साखर देईल ७ कोटी ४ लाख अधिक १२ कोटी, म्हणजे १९ कोटी ४ लाख. बेरीज २८ कोटी, हीही जुळली.

डिस्टिलरीचं बिल जागचं हललं नाही, कारण तिचं वागणं हललं नव्हतं. दुष्काळाचा भार साखर विभागावर राहिला. यात साखर विभागाचा दोष आहे असं नाही, ऊस न येणं कोणाच्या हातात नव्हतं. पण मोकळी राहिलेली क्षमता साखरेसाठी बांधली होती, तेव्हा रिकाम्या बॉयलरचा खर्च त्याच खात्यावर दिसला पाहिजे. संचालकांनी तो बघितला, तर उसाच्या लागवडीचं काय करायचं हा खरा प्रश्न पुढे येतो. एकेरी दरात तो प्रश्न डिस्टिलरीच्या खात्यात लपून बसतो.

आणि ठेकेदाराचा प्रस्ताव? आता डिस्टिलरी मॅनेजर तुलना करतील १,२५० ची १,००० शी, कारण ९६ लाख तर कुठूनही वाफ घेतली तरी द्यायचेच आहेत. प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर संपतो. दुहेरी दराचा सगळ्यात मोठा फायदा आम्हाला हा वाटतो: विभागाच्या हिताचा आकडा आणि कारखान्याच्या हिताचा आकडा एकाच दिशेला बोट दाखवतात.

उलटी परिस्थितीही येते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल बनवायला मनाई केली. काही दिवसांत ती मर्यादित प्रमाणात शिथिल झाली, पण हंगाम ऐन भरात असताना डिस्टिलऱ्यांचं नियोजन विस्कटलं. समजा अशा वर्षी आपल्या डिस्टिलरीची वाफ निम्म्यावर, ४०,००० टनांवर आली आणि साखर नेहमीसारखी चालली. एकेरी दर १,२०० वरून सुमारे १,२२२ होतो आणि साखरेवर काही कारण नसताना सुमारे ७१ लाख जादा पडतात. दुहेरी दरात साखरेचं बिल जसंच्या तसं राहतं.

दर आधी ठरवायचा, वर्षअखेर नाही

इथे एक बारीक मुद्दा आहे. बदलता दर १,००० रुपये हा आपण वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रकात ठरवला. वर्षअखेर प्रत्यक्ष खर्च वेगळा निघाला तर?

धरा की दुष्काळाच्या त्याच वर्षी बगॅस उघड्यावर भिजलं. ओलं बगॅस नीट जळत नाही. टनाला दोनऐवजी १.८ टनच वाफ निघाली. एक टन वाफेमागे बगॅसचा खर्च ९०० वरून १,००० झाला. दोन लाख टनांवर हा फरक दोन कोटींचा.

प्रत्यक्ष दराने वाटलं तर हे दोन कोटी गुपचूप साखर आणि डिस्टिलरीच्या खात्यांत मुरतात. दोघेही कुरकुरतील, पण बगॅस कोणी भिजू दिलं हे कोणी विचारणार नाही. ठरवलेल्या दराने वाटलं तर साखर आणि डिस्टिलरी १,००० रुपयांनीच देतात, आणि दोन कोटी बॉयलर हाऊसच्या खात्यात न वाटलेले उरतात. ती शिल्लक डोळ्यांत खुपते. मग बगॅसवर ताडपत्री का नव्हती, ओलावा कोणी मोजला, हे प्रश्न ज्याला विचारायचे त्यालाच विचारले जातात.

कुठे गाडी अडते

ही पद्धत कागदावर जेवढी सरळ आहे तेवढी अंमलात नाही. तीन ठिकाणी ती हमखास बिघडते.

पहिली जागा म्हणजे हिस्सा कमी सांगणं. स्थिर खर्च क्षमतेवर पडतो हे कळलं की मॅनेजर आपली गरज कमी सांगू लागतात. डिस्टिलरीने तासाला १२ ऐवजी ८ टन सांगितले, तर तिचा वाटा ९६ पैकी ८ होतो. स्थिर रक्कम ९६ लाखांवरून सुमारे ६७ लाखांवर येते आणि २९ लाख साखरेवर सरकतात. ऐन हंगामात मात्र ती १२ टनच ओढते.

यावर उपाय आपल्याला वीजबिलात सापडतो. उच्चदाब ग्राहकाच्या बिलात एक मागणी आकार असतो, केव्हीएवर, आणि एक वीज आकार असतो, युनिटवर. म्हणजे महावितरणसुद्धा दुहेरी दरच लावते. ग्राहकाने करार मागणी कमी करून घेतली आणि प्रत्यक्षात मीटरने जास्त नोंदली, तर जादा मागणीची आकारणी दंडाच्या दराने होते. कारखान्यातही तेच करावं. वाफेच्या मीटरचा तासागणिक आलेख काढायचा, आणि सांगितलेल्या हिश्श्यापेक्षा जास्त ओढलेल्या वाफेला चढा दर लावायचा. तसं केलं की लोक खरं सांगतात.

दुसरी जागा म्हणजे मीटर. डिस्टिलरीकडे जाणाऱ्या लाइनवर वाफेचा मीटर नसेल किंवा बंद असेल, तर बदलता खर्च अंदाजाने वाटला जातो, आणि अंदाज नेहमी जोरात बोलणाऱ्याच्या बाजूने झुकतो. मीटर असला तरी परत येणारं पाणी विसरू नये. वाफ थंड होऊन तिचं गरम, शुद्ध पाणी बॉयलरकडे परत आलं, तर इंधन आणि रसायनं दोन्ही वाचतात. एक विभाग ते परत करतो, दुसरा गटारीत सोडतो, आणि दोघांना दर एकच. हे बरोबर नाही. परत येणाऱ्या पाण्याची वजावट दिली की पाइपलाइनची गळती आपोआप दुरुस्त होते, असा अनुभव आहे.

तिसरी जागा म्हणजे स्थिर खर्चात नको ते मिसळणं. हंगाम संपल्यावर फक्त डिस्टिलरीसाठी एक बॉयलर चालू ठेवला आणि त्यासाठी जादा माणसं लागली, तर त्यांचा पगार सामाईक नाही, तो सरळ डिस्टिलरीचा. तसंच, उद्या विस्तार करू म्हणून १०० ऐवजी १२० टनांची क्षमता उभारली असेल, तर त्या २० टनांचा खर्च आज कोणाच्याही माथी मारू नये. तो निर्णय संचालक मंडळाचा होता, तो वेगळा दाखवावा. पुढे ज्या विभागाचा विस्तार होईल त्याच्या हिश्श्यात तो जाईल. हिस्सेही त्या वेळीच बदलायचे, दर वर्षी आदल्या वर्षीचा वापर बघून नाही. दर वर्षी वापराप्रमाणे हिस्सा बदलला, तर नाव दुहेरी दराचं आणि काम एकेरी दराचं, असं होतं.

आपल्याकडे कोणता दर चालतो, हे कसं ओळखायचं

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, ते इथे घेतो.

एका तरुण अकाउंटंट श्रोत्यांनी विचारलं, "सर, आमच्याकडे स्थिर आणि बदलता खर्च वेगळा काढतात. मग आमची पद्धत दुहेरी आहे असं समजायचं का?"

वेगळा काढणं पुरेसं नाही. नंतर तो कशाने भागतात ते बघा. स्थिर खर्च वेगळा काढून शेवटी प्रत्यक्ष वापराच्या टनांनीच वाटला, तर उत्तर एकेरी दराइतकंच येतं, फक्त कागदावर दोन ओळी जास्त दिसतात. साधी परीक्षा अशी: लागोपाठच्या दोन वर्षांचे ताळे घ्या, ज्यांत एका विभागाचा वापर साधारण तेवढाच आहे आणि दुसऱ्याचा खूप बदलला आहे. ज्याचा वापर बदलला नाही त्याचं बिल बदललं का? भाववाढ वजा करूनही बदललं असेल, तर तुमच्याकडे एकच दर आहे, नाव काहीही असो.

दुसरा प्रश्न एका ऊस उत्पादक सभासदाचा होता. "शेवटी पैसा एकाच कारखान्याचा. या खिशातला त्या खिशात. सभासदाला काय फरक पडतो?"

प्रश्न रास्त आहे. वाटणी कशीही केली तरी त्या दुष्काळी वर्षाचे २८ कोटी २८ च राहतात. वाटणीने खर्च कमी होत नाही. पण त्या वाटणीकडे बघून जो निर्णय होतो, त्याने होतो किंवा वाढतो. ठेकेदाराची वाफ घेतली असती तर २८ चे ३० झाले असते, आणि ते दोन कोटी दोन्ही खिशांतून गेले असते. डिस्टिलरी चालवायची की बंद ठेवायची, बाहेरून मळी आणणं परवडतं की नाही, दुसरा बॉयलर घ्यायचा का, हे सगळे निर्णय वाफेच्या दराकडे बघून होतात. वार्षिक सभेत विचारायचंच असेल तर एवढं विचारा, की डिस्टिलरीच्या खात्यावर वाफेचा खर्च क्षमतेने टाकला की वापराने.

शेवटी या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. १,००० रुपये हा दर बॉयलरमध्ये जागा मोकळी असेपर्यंतच खरा आहे. ऐन हंगामात तासाला शंभरच्या शंभर टन वाफ वापरात असेल, आणि डिस्टिलरीने आणखी दोन टन मागितले, तर ते गाळपातून काढून द्यावे लागतील. शेतात ऊस तुटून पडलाय, गाड्या गव्हाणीपुढे उभ्या आहेत, आणि गाळप मंदावलं, तर त्या दोन टनांची खरी किंमत १,००० पेक्षा कितीतरी जास्त असते. ती कुठल्याही दरपत्रकात मिळत नाही. तिथे चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट यांनी समोरासमोर बसून त्या आठवड्याचं नियोजन ठरवायचं असतं. तसंच, वाफ आधी टर्बाइनमधून जाऊन वीज बनवते आणि मग साखरेकडे जाते, अशी रचना असेल तर एकाच वाफेचे दोन उपयोग होतात, आणि तिचा खर्च विजेवर किती आणि साखरेवर किती टाकायचा हा वेगळाच हिशेब आहे. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. आजच्यापुरतं एवढं पुरे: हिश्श्याचं हिश्श्याने, वापराचं वापराने.